गेल्या वर्षीची चकली, या वर्षीचा व्हिडिओ

दिवाळी जवळ आली की खाद्यपदार्थांचे घरगुती चॅनल चालवणाऱ्यांपुढे एक पेच ठरलेला असतो. गेल्या वर्षीचा भाजणीच्या चकलीचा व्हिडिओ चांगला चालला, लोक अजूनही शोधून तो बघतात. कृतीत काही बदललेलं नाही आणि बदलायचं कारणही नाही. मग या वर्षी टाकायचं काय? बरेच जण तीच फाइल काढतात, थंबनेलवर नवं साल घालतात आणि पुन्हा चढवतात.

यात पहिला तोटा स्वतःचाच होतो. यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओची फाइल त्याच पत्त्यावर बदलता येत नाही. पुन्हा चढवलेला व्हिडिओ नवाच धरला जातो. त्याला एकही व्ह्यू नसतो, खाली एकही प्रश्नोत्तर नसतं, आणि ‘भाजणीची चकली’ असं कुणी शोधलं की तुमचेच दोन व्हिडिओ एकमेकांपुढे उभे राहतात. शिवाय उत्पन्न मिळणाऱ्या चॅनलांसाठी यूट्यूबचा एकसुरी मजकुराविषयीचा नियम आहेच. एका व्हिडिओने काही बिघडत नाही, पण दर सणाला हेच करणारा चॅनल त्या नियमात सापडू शकतो. तेव्हा जुना व्हिडिओ आहे तिथेच राहू द्या. नवी पोस्ट त्यातल्या एखाद्या तुकड्यातून काढायची आहे.

तुकडा कुठला, हे अंदाजाने ठरवू नये. यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओचा प्रेक्षक टिकण्याचा आलेख मिळतो. त्याची रेघ साधारणपणे उतरत जाते, पण मध्येच कुठे उंचवटा दिसला तर तिथे लोक मागे जाऊन पुन्हा बघत आहेत असं समजावं. समजा, अकरा मिनिटांचा व्हिडिओ आहे. सुरुवातीच्या शुभेच्छा आणि पणत्यांची दृश्यं चालू असताना रेघ धाडकन खाली येते, भाजणीच्या प्रमाणाशी थोडी सावरते आणि उकड काढून मोहन घालतानाच्या मिनिटभरात वर उचलली जाते. आता खालच्या प्रतिक्रिया वाचा. ‘ताई, माझी चकली तेलात विरघळली’, ‘सोऱ्यातून पाडताना तुटते’, ‘दुसऱ्या दिवशी मऊ पडली’ असे प्रश्न असतील, तर आलेख आणि प्रतिक्रिया एकाच जागेकडे बोट दाखवत आहेत. गेल्या वर्षी तुम्ही चकली कशी करायची ते दाखवलंत. या वर्षी ती का बिघडते ते दाखवा.

यासाठी नवं चित्रीकरण लागतं, पण एका सकाळीत होण्याइतकंच. एकेक वाटी भाजणीचे तीन छोटे गोळे करा. एकात चमचाभर मोहन, दुसऱ्यात नेहमीचं, म्हणजे पोह्याचे दोन-तीन चमचे कडकडीत तेल, आणि तिसऱ्यात त्याच्या दुप्पट. पाणी, मीठ, तिखट तिन्हींत सारखं. मोहन जास्त झालं की पिठाला तेलाचा लेप बसतो, पीठ पाण्याने नीट बांधलं जात नाही आणि चकली कढईत सुटते. कमी झालं की ती कडक होते. मऊ पडण्यामागे बहुधा घाई असते: आच मोठी, बाहेरून रंग आला म्हणून काढली, आत ओलावा राहिला. तेलावरचे बुडबुडे कमी होईपर्यंत थांबणं ही खूण कॅमेऱ्यात छान पकडता येते. (बिघडलेली चकली कुणी दाखवत नाही. खरं तर तीच बघायला लोक थांबतात.)

नव्या व्हिडिओचं पहिलंच दृश्य विरघळणाऱ्या चकलीचं ठेवा. शुभेच्छा, चॅनलचं नाव, पणत्या यांतलं काही आधी नको, कारण नेहमीच्या प्रेक्षकाला ‘हे बघितलंय’ असं पहिल्या दोन-तीन सेकंदांतच वाटतं. जुनं दृश्य त्यानंतर आणा, तेही पंधरा-वीस सेकंदांचं. त्यावर गेल्या वर्षीचं निवेदन तसंच ठेवू नका. चित्र पुन्हा दिसलं तरी खपतं, पण तीच वाक्यं त्याच सुरात ऐकू आली की लगेच ओळखू येतात. तळण्याचा मूळ आवाज राहू द्या आणि त्यावर नवं बोला: ‘गेल्या वर्षीच्या व्हिडिओत मी मोहन घातलं ते इथे, आता हेच कमी घालून बघू.’ जुनं आहे हे सरळ सांगितलं की कुणी हरकत घेत नाही.

शॉर्टसाठी आडवा व्हिडिओ उभा करताना मात्र बरेच जण अडकतात. १९२० बाय १०८० च्या आडव्या चौकटीतून पूर्ण उंचीचा उभा तुकडा कापला, तर रुंदीचा जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो. कढईवर वरून घेतलेलं दृश्य त्यात नीट बसतं. पण एका बाजूला परात आणि दुसऱ्या बाजूला सोऱ्या असलेलं ओट्याचं दृश्य निम्म्याहून जास्त गायब होतं, आणि त्यावर छापलेली प्रमाणं अर्धवट तुटतात. वरखाली धूसर पट्टे लावून चौकट भरणं हा उपाय नव्हे. ते पट्टेच जुन्या मालाची जाहिरात करतात. जे बसत नाही ते दृश्य पुन्हा घ्या. दुसऱ्या ॲपचा छाप असलेली उतरवलेली रीलही वापरू नका, मूळ फाइल शोधा.

मग जुन्यातल्या शिळ्या गोष्टी काढा. डाळींचे भाव, ‘यंदा’, ऑर्डरची शेवटची तारीख आणि मुख्य म्हणजे सणाची तारीख. २०२५ मध्ये आपल्याकडे लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला आहे. जुन्या निवेदनातली एक तारीख राहून गेली तर सगळी मेहनत वाया जाते.

प्रसिद्धीची वेळ फराळाच्या कामाप्रमाणे ठरते. भाजणी घरोघरी आधी भाजून, दळून ठेवतात, म्हणून धान्यं भाजण्याचा तुकडा ऑक्टोबरच्या मध्याला यावा. मोहनाची चाचणी आणि तळणी शेवटच्या आठवड्यात. एका जुन्या व्हिडिओतून एका हंगामात दोन, फार तर तीन पोस्ट काढाव्यात. त्यापुढे पाणी घालणं सुरू होतं.

शॉर्ट्सची मर्यादा ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांची झाली आहे, त्यामुळे ही चाचणी त्यात आरामात मावते. शॉर्टच्या वर्णनात किंवा प्रतिक्रियेत दिलेल्या दुव्यावर टिचकी मारून जाता येत नाही, म्हणून स्टुडिओतल्या Related video या जागी गेल्या वर्षीचा पूर्ण व्हिडिओ जोडा. उलट बाजूने जुन्या व्हिडिओखाली प्रतिक्रिया पिन करून लिहा: ‘चकली विरघळत असेल तर हे बघा.’ जुन्याचं वर्णन सुधारा, पण त्याच्या शीर्षकात नवं साल चिकटवू नका. आत काही नवं नसताना साल बदलणं ही प्रेक्षकाची फसवणूक आहे.

जमलं की नाही, हे नव्या व्हिडिओच्या आलेखातच दिसतं. जुनं दृश्य सुरू होतं नेमक्या त्याच सेकंदाला रेघ कोसळत असेल, तर तो तुकडा लांबला किंवा फार ओळखीचा निघाला. पुढच्या वेळी तो अर्ध्यावर आणा. रेघ तिथून सरळ पुढे गेली आणि प्रतिक्रियांत मोहनाचेच प्रश्न आले, तर पुढच्या वर्षीचा विषयही मिळाला.

म्हणून या दिवाळीत चित्रीकरण कराल तेव्हा एक काम जरूर करा. अक्षरं आणि संगीत घालण्याआधीची स्वच्छ प्रत, तारखा आणि भाव न बोललेल्या निवेदनासह, वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि कढईची दृश्यं आडवी घेतलीत तर उभीही घ्या.