वारा सुटला की वर जाणारे खांदे

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातल्या कितीतरी सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या शेजारच्या वहिनींनी ते दोन-तीन तास दार आतून दाबून धरून काढले. आजही रात्री माडांत वारा भरला की त्यांचे दात आवळले जातात, खांदे कानांकडे सरकतात आणि झोप उडते. ‘अंग सैल सोडा’ म्हटले, तर म्हणतात, ‘सैलच तर आहे!’

खोच इथेच आहे. शिकागोचे डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ च्या आपल्या ग्रंथात हेच मांडले, की उरलेला ताण माणसाला जाणवतच नाही. आणि जे जाणवत नाही ते सोडणार कसे? म्हणून स्नायू आधी मुद्दाम आवळायचा, मग सोडायचा. फरक कळला की सोडणे जमते.

वहिनी उताण्या पडून सुरुवात मुठींपासून करतात. पाच-सात सेकंद मूठ आवळायची, एकदम सोडायची आणि वीस-तीस सेकंद हाताला येणारा जडपणा नुसता पाहायचा. पुढे दंड, कपाळ, जबडा, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या. प्रत्येक भाग दोनदा. पोटरीसाठी चवडा पुढे ताणू नये, गोळा येतो. बोटे आपल्याकडे ओढावीत. आवळताना श्वास कोंडणे ही नेहमीची चूक. रक्तदाब असलेल्यांनी तर ती मुळीच करू नये, आणि आवळावेही हलकेच.

मग श्वास. नाकाने चार अंक घ्यायचा, सहा अंक सोडायचा, म्हणजे मिनिटाला सहाच श्वास होतात. उच्छ्वासात व्हेगस मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम आवळला जातो आणि ठोके मंदावतात; म्हणून सोडणे लांब. श्वास मात्र मोठा नको. वहिनींनी पहिल्या दिवशी छाती भरभरून श्वास घेतले, तेव्हा चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटल्याची ती खूण. श्वास लहान केला की थांबते.

आपल्याकडे डॉ. के. के. दाते यांनी मुंबईत ४७ रक्तदाबाच्या रुग्णांना रोज अर्धा तास शवासन आणि असाच संथ श्वास दिला. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अनेकांचा दाब उतरला, काहींची औषधे कमी करता आली. पण सगळ्यांना गुण आला नाही, आणि औषधे कमी केली ती डॉक्टरांनी. छातीत कळ येऊन हाताकडे जात असेल, तर श्वास मोजत बसू नये, दवाखाना गाठावा.

डोळे मिटल्यावर वहिनींना वादळच दिसे. त्या आता डोळे उघडे ठेवून वाशांकडे पाहतात. आणि सराव करतात तो माघ-फाल्गुनात, वारा पडलेल्या दुपारी. ऐन वाऱ्यात नवे काही शिकता येत नाही. यंदाच्या ज्येष्ठात झोप उडाली ती उडालीच, पण खांदे वर गेल्याचे त्यांचे त्यांना कळले.