सर्वांना सारखा कर

महाराष्ट्रात पगारावर काम करणाऱ्या माणसाने आपल्या पगाराची पावती काढून पाहावी. कपातीच्या रकान्यात ‘व्यवसाय कर’ म्हणून दर महिन्याला २०० रुपये गेलेले दिसतील आणि फेब्रुवारीत ३००. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३००, मिळून २,५००. राज्यघटनेच्या २७६व्या कलमाने एका माणसाकडून वर्षाला याहून जास्त व्यवसाय कर घ्यायला मनाई केली आहे. १९८८पर्यंत ही मर्यादा अवघी २५० रुपये होती.

मी बरीच वर्षं पगारपत्रकं तयार करण्याचं काम केलं आहे. आयकराबद्दल लोक वर्षभर विचारत राहतात: कुठे गुंतवू, कोणती पावती जोडू, कोणती पद्धत घेऊ. व्यवसाय कराबद्दल मात्र सहसा कुणी काही विचारत नाही, कारण त्यात करण्यासारखं काही नसतं. तीस हजार पगार असो की तीन लाख, रक्कम तीच. ओव्हरटाइम केला म्हणून ती वाढत नाही आणि सुट्टी घेतली म्हणून घटत नाही. अर्थशास्त्रज्ञ ज्याला एकरकमी कर म्हणतात, त्याच्या अगदी जवळ जाणारी ही गोष्ट आपल्या रोजच्या व्यवहारात आहे. पुस्तकात या कराला आदर्श मानतात. का मानतात, ते एका शिलाईच्या उदाहरणाने पाहू.

एक बाई घरी ब्लाउज शिवतात. एका ब्लाउजची शिलाई ३०० रुपये. दिवसाचे पहिले दोन-तीन ब्लाउज सहज होतात, पण पुढच्या एकासाठी रात्री जागावं लागतं. त्या जागरणाची किंमत त्यांच्या मनात २७० रुपये आहे असं धरू. ३०० मिळणार असतील तर त्या जागतील. आता सरकारने शिलाईवर २० टक्के कर लावला. हातात २४० उरतात, म्हणून त्या तो ब्लाउज शिवत नाहीत. गिऱ्हाईक ३०० द्यायला तयार होतं, बाई २७०मध्ये खूश होत्या, तरी काम झालं नाही. बाईंचे ३० रुपये बुडाले आणि सरकारला त्या ब्लाउजवर एक पैसाही मिळाला नाही. जे कुणाच्याच खिशात जात नाही, असं हे नुकसान आहे. कराच्या पावतीवर ते दिसत नाही.

आता टक्केवारी काढून टाका आणि बाईंकडून वर्षाला ठरावीक रक्कम घ्या, किती शिवलं हे न विचारता. त्या शेवटच्या ब्लाउजचे ३०० पूर्ण त्यांचेच, म्हणून त्या तो शिवतील. कर भरल्याने त्यांच्याकडचे पैसे कमी झाले हे खरंच, आणि कदाचित त्यामुळे त्या थोडं जास्तही काम करतील. पण कर चुकवण्यासाठी वागणं बदलण्यात काही अर्थ उरत नाही. सरकारला जेवढं मिळालं तेवढंच बाईंचं गेलं, वर वाया काही गेलं नाही.

टक्केवारी नसली तरी कर वागणं कसा बदलतो, ते इंग्लंडमधल्या जुन्या घरांच्या भिंतींवर दिसतं. तिथे १६९६पासून १८५१पर्यंत खिडक्यांवर कर होता. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या आणि अंधारात राहणं पसंत केलं. त्या बुजलेल्या चौकटींतल्या काही आजही तशाच आहेत.

त्याच देशाने पुढे दरडोई कराचाही प्रयोग केला. घराच्या भाडेमूल्यावर आधारलेली जुनी पट्टी रद्द करून मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने स्थानिक संस्थांसाठी प्रत्येक प्रौढ माणसावर सारखा कर बसवला. १९८९मध्ये स्कॉटलंडपासून सुरुवात झाली आणि १ एप्रिल १९९०ला तो इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू झाला. सरकारचा अंदाज दर माणशी वर्षाला सरासरी २७८ पौंडांचा होता. इंग्लंडमध्ये प्रत्यक्षात आकडा ३६३च्या आसपास गेला. मोठ्या बंगल्यातल्या जोडप्याला दोन हिस्से, आणि छोट्या घरात आईवडील व दोन कमावती मुलं असतील तर चार. गरिबांना ८० टक्क्यांपर्यंत सूट होती, पण सूट मिळण्याच्या रेषेच्या जरा वर असलेल्या कुटुंबाला ती कामाची नव्हती. कर लागू होण्याच्या आदल्या दिवशी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात दंगल उसळली. नोव्हेंबरात थॅचर यांना पद सोडावं लागलं, त्यामागे इतर कारणांबरोबर हा करही होता. १९९३मध्ये त्याच्या जागी पुन्हा घराच्या किमतीवर आधारलेला कर आला.

अन्यायाची चर्चा तेव्हा खूप झाली, पण वसुलीतली अडचणही तितकीच शिकण्यासारखी आहे. घर जागचं हलत नाही. माणूस खोली बदलतो, दुसऱ्या गावी जातो, नाव नोंदवायचं टाळतो. काहींनी तर कराच्या यादीत सापडू नये म्हणून मतदारयादीतूनही नाव बाहेर ठेवलं. म्हणजे ज्या कराने कुणाचं वागणं बदलायचं नव्हतं, त्याने माणसाला मताच्या हक्कावर पाणी सोडायला लावलं. इंग्लंडला हा अनुभव नवा नव्हता. १३७७ आणि १३८१ या दोन डोईपट्ट्यांच्या मधल्या चार वर्षांत नोंदलेल्या करदात्यांची संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटली होती. तेवढी माणसं मेली नव्हती, ती यादीत सापडली नाहीत. त्यातूनच १३८१चा मोठा शेतकरी उठाव पेटला.

मग ज्याची ऐपत जास्त त्याच्याकडून मोठी ठरावीक रक्कम घ्यावी आणि गरिबाकडून छोटी, हा उपाय सुचतो. पण ऐपत ओळखायची कशावरून? उत्पन्नावरून ओळखली, तर उत्पन्न कमी दाखवणं किंवा कमी कमावणं फायद्याचं ठरतं आणि आपण पुन्हा ब्लाउजच्या गोष्टीत येऊन पोहोचतो. सरकारला माणसाची मिळकत दिसते, कमावण्याची क्षमता दिसत नाही. जेम्स मिर्लीस यांनी १९७१मध्ये नेमकी हीच अडचण गणितात मांडली आणि तिथून कराचं सगळं आधुनिक शास्त्र उभं राहिलं. १९९६मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसाला बदलता न येणारी, तरी कमाईशी नातं असलेली एखादी खूण शोधावी म्हटलं, तर तशा खुणाही आहेत. मॅनकिव आणि वाइन्झर्ल या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी उंचीवर कर लावून दाखवला, अर्थात कागदावर. उंच माणसं सरासरीने जास्त कमावतात आणि कर चुकवायला कुणी बुटकं होऊ शकत नाही. हिशोब चोख बसतो, तरी तसा कर लावावा असं आपल्यापैकी क्वचितच कुणाला वाटेल. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कर कशावर घ्यावा याबद्दल आपल्या मनात न्यायाची जी जाण आहे, ती या हिशोबात कुठेच येत नाही.

आपला व्यवसाय कर इतकी वर्षं शांतपणे चालतो, कारण रक्कम लहान आहे. तरीही तो सर्वांना सारखा ठेवता आलेला नाही. महाराष्ट्रात पुरुषांना साडेसात हजारांपर्यंत तो लागत नाही, पुढे दहा हजारांपर्यंत महिन्याला १७५ रुपये आणि त्यावर पूर्ण. महिलांना २०२३पासून पंचवीस हजारांपर्यंत माफी आहे. ती योग्यच आहे. पण माफीची रेषा आली की कर उत्पन्नावर अवलंबून राहायला लागतो, आणि त्या रेषेपाशी काय होतं ते मी पाहिलं आहे. चोवीस हजार नऊशेवर काम करणाऱ्या एका बाईंना दोनशे रुपयांची वाढ मिळाली होती. महिनाअखेर पावती घेऊन त्या माझ्या टेबलाशी आल्या.

“दादा, पगार वाढला ना माझा? मग हातात तेवढेच कसे?”

मी पावतीवरचा व्यवसाय कराचा रकाना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, “मग ही वाढ पुढच्या वर्षी घेतली तर चालेल का?”

वाढीचं पत्र निघून गेलं होतं. फेब्रुवारीत तर त्यांच्या हातात जुन्या पगारापेक्षाही शंभर रुपये कमी आले.