बँक स्टेटमेंटवरून घरखर्च: आधी शिल्लक जुळवा, मग वर्गवारी करा

मनोरीतल्या एखाद्या घराला सहा महिन्यांचा खर्च तपासायचा असेल, तर नेट बँकिंगमधून स्टेटमेंट पीडीएफऐवजी एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये डाउनलोड करावे.

आधी ताळा करावा. समजा, सुरुवातीची शिल्लक ४२,००० रुपये होती, २,१०,००० जमा झाले आणि २,०४,५०० गेले. तर शेवटी ४७,५०० उरायला हवेत. बेरीज शून्य दिसली, तर आकडे मजकूर म्हणून आले आहेत. त्यातले स्वल्पविराम काढून पुन्हा बेरीज करावी.

व्यवहाराचा तपशील B रकान्यात असेल, तर शेजारी हे सूत्र लिहावे:

```
=IF(ISNUMBER(SEARCH("ATM",B2)),"रोख","तपासा")
```

यात एक फसगत आहे. आत्माराम नावाच्या दुकानदाराला यूपीआयने पैसे दिले, तर `ATMARAM` मध्येही `ATM` सापडते आणि किराणा रोखीत जातो. म्हणून एटीएमच्या ओळीत आपली बँक लिहिते तो पूर्ण शब्दसमूह सूत्रात घालावा.

रोख काढलेले पैसे पुढे कुठे गेले, हे स्टेटमेंट सांगत नाही. मार्वेच्या फेरीबोटीचे तिकीट किंवा बाजारातली मासळी रोखीने घेतली असेल, तर ती नोंद हातानेच करावी लागते. स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात पाठवलेली रक्कम मात्र खर्चात धरू नये.