घरातला ठराव आणि कंपनीचं दप्तर

दोन भाऊ, एक खासगी कंपनी आणि एकूण ५० शेअर, प्रत्येकी २५. १९५१ मध्ये दोघांचं तोंडी ठरलं की दोन्ही शाखांचा वाटा कायम सारखा राहील. कुणाला शेअर विकायचे झाले, तर त्याने आधी आपल्याच शाखेतल्यांना विचारायचं. पुढच्या पिढीत एका भावाच्या मुलाने आपले शेअर थेट चुलतभावांना विकले. तराजू कलला आणि प्रकरण मद्रास हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात पोहोचलं. १९९१ मध्ये निकाल लागला : हे बंधन कंपनीच्या ‘आर्टिकल्स ऑफ असोसिएशन’मध्ये, म्हणजे नियमावलीत, नाही. त्यामुळे ते कंपनीवर बंधनकारक नाही आणि भागधारकांवरही नाही.

हल्ली उद्योजक घराण्यांत ‘फॅमिली कॉन्स्टिट्यूशन’ लिहून घेण्याची पद्धत रुळते आहे. सल्लागार येतो, बैठका होतात, सुबक दस्तऐवजावर सगळे सह्या करतात. मुलांनी आधी बाहेर नोकरी करावी का, सुना-जावयांना धंद्यात घ्यायचं का, घरखर्च कंपनीतून चालवायचा का, हे त्यात लिहिलेलं उत्तम. असे प्रश्न कोर्टात नेण्याजोगे नसतातच. तिथे घरातली लाजच कामाला येते.

शेअर कुणाला विकता येतील, संचालक कोण नेमणार, बाहेर पडणाऱ्याच्या शेअरची किंमत कोण ठरवणार, ही कलमं मात्र वेगळी. ती आर्टिकल्समध्ये उतरवावी लागतात. त्यासाठी विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत. उद्या बहुमतवाल्यांनी ती सहज पुसू नयेत म्हणून कंपनी कायद्याच्या कलम ५ नुसार त्यांना जादा संरक्षण देता येतं. चालू खासगी कंपनीत त्याला सर्व सभासदांची संमती लागते. म्हणून हे काम घरात गोडी आहे तोवरच होतं. किमतीचं कलम तर सगळ्यात आधी लिहावं. मूल्यमापक कोण आणि पैसे किती हप्त्यांत, हे मोघम ठेवलं की भाऊबंदकीला तिथूनच वाट मिळते.

मोठ्या घराण्यांनाही हे चुकलेलं नाही. धीरूभाई अंबानी २००२ मध्ये मृत्युपत्र न करता गेले. २००५ मध्ये भावांत समझोता झाला, पण त्यातल्या गॅसच्या दरावरून दोघांच्या कंपन्या कोर्टात गेल्या. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की कुटुंबातला तो खासगी करार कंपनीला बांधत नाही.

आणखी एक गैरसमज नॉमिनीचा. ‘शेअरला मुलाचं नाव लावलंय’ म्हणून अनेक वडील निर्धास्त असतात. नॉमिनी मालक होत नाही. शेअर वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राप्रमाणेच जातात, हे सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. तेव्हा कुटुंबाचा दस्तऐवज, आर्टिकल्स आणि प्रत्येकाचं मृत्युपत्र एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचा. तिन्हींत शेअर वेगवेगळ्या हातांत जात असतील, तर कंपनी सेक्रेटरीला आणि वकिलाला एकाच दिवशी बोलवा.