सही मुलीची, हुकूम आईचा

कोथरूडच्या आईनं सिंगापूरच्या लेकीला कुलमुखत्यारपत्र दिलं, तर लेक आईच्या वतीनं सही करून आईचा फ्लॅट विकू शकते. पण त्याच फ्लॅटच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत तिला आईच्या जागी बसता येत नाही. आदर्श उपविधींत स्पष्टच लिहिलंय की मुखत्यारपत्रधारकाला सर्वसाधारण सभेत प्रवेश नाही. फ्लॅट विका, पण लिफ्टच्या खर्चावर भांडायचं असेल तर आईच हवी!

पाचशे की काही लाख? फ्लॅट विकण्याचा अधिकार मोबदला न घेता मुलगा, मुलगी, नवरा, बायको, आईवडील किंवा भावंडांना दिला, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 500 रुपये. हाच कागद शेजारच्या प्रेमळ काकांच्या नावे केला, तर थेट विक्रीखताएवढं शुल्क. एक कोटीच्या फ्लॅटवर ते काही लाखांत जातं. कारण उघड आहे: एकेकाळी लोक विक्रीखत टाळून मुखत्यारपत्रावरच घरं विकायचे. त्यानं मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये ‘सूरज लॅम्प’ खटल्यात ठणकावून सांगितलं. म्हणजे मुखत्यारपत्र हातात आलं तरी लेक मालकीण होत नाही. विक्रीचे पैसे आईच्याच खात्यात जायचे आणि आईनं हिशेब मागितला तर द्यायचा.

निबंधक घरी येतात. आईचे गुडघे साथ देत नाहीत म्हणून नुसत्या नोटरीच्या शिक्क्यावर भागवू नका. विक्रीच्या वेळी खरेदीदार आणि त्याची बँक सहसा नोंदवलेलं मुखत्यारपत्रच मागतात. शारीरिक अडचण असेल तर दुय्यम निबंधकांना घरी बोलावण्याची सोय नोंदणी कायद्यात आहे.

दादाला पाठवते, चालेल? बहुधा नाही. लेकीला ऐन वेळी रजा मिळाली नाही आणि तिनं पुण्यातल्या मामेभावाला आपल्या जागी पाठवलं, तर मूळ कागदात ‘अधिकार पुढे सोपवता येईल’ असं वाक्य लागतं. ते असलं तरी लेकीला सिंगापुरात भारतीय उच्चायुक्तालय किंवा नोटरी गाठावी लागते, आणि तो कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावा लागतो. त्यापेक्षा आईनं आधीच दोन कागद करावेत: विक्रीचा लेकीच्या नावे, आणि वीजबिल, मालमत्ता कर, भाडेकरू अशा किरकोळ कामांचा भाच्याच्या नावे.

काही गोष्टी कुणालाही सोपवता येत नाहीत. आईचं मृत्युपत्र लेक करू शकत नाही, आईच्या वतीनं मतदानही नाही. न्यायालयात, जे फक्त आईलाच ठाऊक आहे त्याची साक्ष लेकीनं देऊन चालत नाही. आणि पेन्शनसाठी दर नोव्हेंबरला ‘मी हयात आहे’ हा दाखला! तो आईच्या हयातीचाच लागतो, लेकीच्या सहीनं ती सिद्ध होत नाही. (ऐंशी पार केलेल्यांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो.)

आता खरी गोम. सिंगापुरात ‘लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी’ नावाचा कागद असतो, बोलताना नुसतं एलपीए. माणसाची निर्णयक्षमता गेली की तो कामाला लागतो. त्याची सवय झालेली लेक गृहीत धरते की आईचं मुखत्यारपत्रही तसंच. ते नेमकं उलटं वागतं! 1872 च्या करार कायद्याच्या कलम 201 नुसार, देणाऱ्याचं मन ताळ्यावर राहिलं नाही किंवा तो वारला, की मुखत्यारी संपते. डॉक्टरांनी डिमेन्शियामुळे आईला व्यवहार कळत नाहीत असं लिहिलं, की ज्या दिवसासाठी कागद करून ठेवला त्याच दिवशी तो निकामी. त्यानंतर फ्लॅट विकायचा तर उच्च न्यायालयात जाऊन पालक म्हणून नेमणूक मागावी लागते. बेशुद्धावस्थेतल्या नवऱ्यासाठी मुंबई उच्च न्यायालयानं 2020 मध्ये पत्नीला असं नेमलं होतं. आई गेल्यावर तर जुन्या कागदावर एक रुपयाही काढायचा नाही; तिथून पुढे नॉमिनी आणि वारसांचा रस्ता.

म्हणून दैनंदिन खर्चासाठी जाणते लोक वेगळी तजवीज करतात. आई पूर्ण भानावर असतानाच तिच्या बचत खात्यात लेकीचं नाव ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीनं जोडतात. परदेशस्थ जवळच्या नातेवाइकाला असं जोडायला रिझर्व्ह बँकेनं 2014 मध्ये परवानगी दिली. मुख्य अट अशी: त्या खात्यातून नर्सचा पगार द्या, औषधं आणा, पण चांगी विमानतळावरचं स्वतःचं शॉपिंग नको.