‘आपण दोघंच ना?’ हे विचारायचं कसं

ठरवून केलेल्या लग्नात एक सोय असते. कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला की काही दिवसांत मध्यस्थाचा फोन येतो आणि होकार की नकार ते कळतं. नकार असला तरी ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणून तो सभ्यपणे पोचवला जातो. डेटिंग अ‍ॅपवर भेटलेल्या दोघांना मध्यस्थ नसतो. पाच-सहा आठवडे ते भेटत राहतात, रात्री उशिरापर्यंत बोलतात, एकमेकांच्या ऑफिसातली भांडणं त्यांना तोंडपाठ होतात. पण दोघांचीही प्रोफाइल्स अ‍ॅपवर असतात आणि समोरचा अजून कोणाला भेटतो का, हे दोघांनाही ठाऊक नसतं. विचारायचं दोघांच्याही मनात असतं. दोघंही दुसऱ्यानं विचारावं म्हणून थांबलेले असतात.

न विचारता आपोआप होईल, असं वाटणं साहजिक आहे. कधीकधी होतंही. पण अमेरिकेतल्या डेन्व्हर विद्यापीठातले स्कॉट स्टॅन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली, लग्नाआधी एकत्र राहणाऱ्या जोडप्यांविषयी लिहिताना एक उपयोगी फरक सांगितला. काही जोडपी पुढचं पाऊल ठरवून टाकतात, तर काही नकळत घरंगळत तिथे पोचतात. घरंगळणाऱ्यांची अडचण अशी की, मनानं ‘हो’ म्हणायच्या आधीच बाकीच्या गोष्टी बांधून ठेवू लागतात. भेटीगाठींच्या सुरुवातीलाही हेच घडतं. एकाला वाटतं, आता आपण दोघंच. दुसऱ्याला वाटतं, अजून काही ठरलेलं नाही. खोटं कोणीच बोललेलं नसतं, तरी महिन्याभरानं फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, ती 29 वर्षांची, पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते. तो 31 वर्षांचा, हिंजवडीत नोकरीला. सहा आठवड्यांपूर्वी बंबलवर ओळख झाली, आठ-नऊ वेळा भेटी झाल्या. तिला तो आवडलाय आणि दुसऱ्या कोणाला भेटायची तिची इच्छा संपली आहे. त्याच्या मनात काय आहे, ते तिला माहीत नाही.

पहिल्यांदा ती ताकाला जाऊन भांडं लपवते. “माझ्या मैत्रिणीला परवा तुझं प्रोफाइल दिसलं म्हणे,” असं हसत हसत म्हणते. तो गडबडतो. “अगं, मी तर अ‍ॅप कधीच डिलीट केलंय!” आता विषय त्यांच्या नात्याचा राहत नाही, तो खरं बोलतोय की नाही याचा होतो. गंमत म्हणजे तो खरंच बोलत असू शकतो. फोनवरून अ‍ॅप काढलं म्हणजे खातं बंद होत नाही. खातं स्वतंत्रपणे डिलीट केलं नाही, तर प्रोफाइल तिथेच राहतं आणि इतरांना दिसू शकतं. शिवाय समोरचा अजून अ‍ॅपवर आहे का, हे पाहायला स्वतः अ‍ॅप उघडणारा माणूसही अ‍ॅपवर असतोच. असल्या हेरगिरीतून पुरावा हाती लागत नाही, संशय मात्र लागतो.

दुसरी चूक वेळेची. हा विषय बहुधा मत्सराच्या झटक्यात, दोन पेग झाल्यावर, जवळीक झाल्यावर लगेच किंवा रिक्षा दारात उभी असताना निघतो. यातल्या प्रत्येक वेळी समोरच्याला मोकळेपणानं ‘नाही’ म्हणणं अवघड असतं. दोन दिवसांच्या कोकण ट्रिपच्या पहिल्या सकाळी विचारलं, तर उत्तर काहीही असो, उरलेले दोन दिवस त्याला तिथून निघता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री साडेअकराला विचारलं, तर तिकडचा तो ‘टायपिंग…’ पाहत बसण्याचा छळ दोघांच्याही वाट्याला येतो. त्यापेक्षा सुट्टीच्या सकाळी वेताळ टेकडीवर चालताना विचारणं बरं. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, मध्येच गप्प राहिलं तरी ते खटकत नाही आणि बोलणं झाल्यावर आपापल्या घरी जाता येतं.

मग बोलायचं काय? ती असं म्हणू शकते: “एक बोलायचं होतं. मला तुझ्याबरोबर छान वाटतं. माझ्यापुरतं मी ठरवलंय की सध्या दुसऱ्या कोणाला भेटायचं नाही. तुझं काय चाललंय मनात? आत्ताच सांगायला हवं असं नाही.”

या चार-पाच वाक्यांत क्रमाला महत्त्व आहे. आधी तिनं स्वतःचे पत्ते उघडले, मग विचारलं. “तू अजून कोणाला भेटतोस का?” अशी सुरुवात केली असती तर ती उलटतपासणी झाली असती. ‘माझ्यापुरतं’ हा शब्दही मोलाचा आहे. “तुझ्यासाठी मी बाकी सगळ्यांना नाही म्हटलं” असं ती म्हणाली असती, तर तीच गोष्ट कर्ज होऊन त्याच्या डोक्यावर बसली असती. आणि शेवटी वेळ दिला, तर तो खरंच द्यायचा. “अजिबात प्रेशर नाही हं,” असं तीनदा म्हणून लगेच “मग?” विचारणं हे प्रेशरच.

दडपण आणलं की उत्तर बिघडतं, यामागे कारण आहे. जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1966 साली मांडलं की, निवडीचं स्वातंत्र्य काढून घेतलं जातंय असं वाटलं, की माणूस ते परत मिळवायला धडपडतो. कधीकधी तर जे त्याला एरवी हवंच होतं, तेही तो नाकारतो. “रविवारपर्यंत सांग, नाहीतर संपलं,” असं ऐकल्यावर तो नात्याचा विचार करत नाही, रविवारचा करतो. घाबरून ‘हो’ म्हणाला, तर तो होकार कशाला आहे, नात्याला की धमकीला, हे तिला कधीच कळणार नाही.

याचा अर्थ तिला मर्यादा नसावी असा नाही. “कोणाला भेटायचं ते तू ठरव, पण तू इतरांना भेटत असताना आपली जवळीक पुढे न्यायला मला जमणार नाही,” ही मर्यादा आहे. यात ती स्वतः काय करेल ते सांगते. वाक्य धमकीचं आहे की मर्यादेचं, हे ओळखायची एक खूण आहे. त्यानं ‘नाही’ म्हटलं, तर ती बोलल्याप्रमाणे शांतपणे वागणार आहे का? वागणार असेल तर मर्यादा. तो घाबरून बदलेल या आशेवर बोलली असेल, तर धमकी.

आपल्याकडे आणखी एक गुंता असतो. ‘आपण दोघंच’ म्हटलं की अनेकांच्या कानाला ‘घरी कधी सांगायचं’ असंच ऐकू येतं. स्थळं बघणं चालू असलेल्या घरातल्या मुलामुलींना तर हमखास. म्हणून तिनं तेही मोकळं करावं: “मी लग्नाचं बोलत नाहीये. सध्या एकमेकांनाच नीट ओळखून बघू, एवढंच.” त्याच्या घरी आईनं विवाहसंस्थेत नाव नोंदवलेलं असेल, तर तो विषयही याच वेळी निघायला हवा. अ‍ॅप बंद आणि स्थळं चालू, असा होकार अर्धाच.

आता उत्तरं. ‘हो’ आलं, तर बोलणं तिथे संपत नाही, कारण त्या ‘हो’चा अर्थ दोघांच्या डोक्यात वेगळा असू शकतो. अ‍ॅप काढायचं की नुसतं प्रोफाइल लपवायचं? आधीच ठरलेल्या एखाद्या कॉफीचं काय? जुन्या मैत्रिणीशी रोजचं चॅट चालतं का? शरीरसंबंध असतील आणि ‘आता दोघंच’ म्हणून कंडोम सोडायचा विचार असेल, तर आधी दोघांनीही तपासणी करावी. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांत एचआयव्हीची चाचणी मोफत होते आणि ती गुप्त ठेवली जाते. संसर्ग झाल्यावर काही आठवडे तो चाचणीत दिसत नाही, त्यामुळे केव्हा आणि किती वेळा तपासायचं ते तिथल्या समुपदेशकाला विचारावं. इतर लैंगिक आजारांच्या चाचण्या वेगळ्या असतात. हे सगळं एका बैठकीत व्हायला हवं असं नाही, पण ‘मला वाटलं तुला माहीत होतं’ या वाक्यापर्यंत पोचायच्या आत व्हावं.

‘मला वेळ हवाय’ हे उत्तर नकार नव्हे. तो नुकताच मोठ्या नात्यातून बाहेर पडलेला असेल किंवा त्याला सहा आठवडे कमी वाटत असतील. तिनं एवढंच विचारावं: “ठीक आहे. परत कधी बोलूया?” तारीख त्यानं सुचवावी. मधल्या दिवसांत तिनं मुद्दाम तुटक वागू नये आणि जास्त गोडही वागू नये. तो ठरल्याप्रमाणे स्वतःहून विषय काढतो का, याकडे लक्ष ठेवावं. काढला, तर तो खरंच विचार करत होता. तारीख उलटली, तिनं एकदा आठवण केली आणि पुन्हा “बघू ना, घाई काय आहे” आलं, तर ते भिजत घोंगडं आहे. आता निर्णय तिचा. त्याच्या उत्तराची वाट पाहायची गरज नाही.

“नात्याला नाव कशाला हवं?” असंही ऐकू येतं. त्यावर वाद घालू नये. नाव नको असेल तर नको. “बरं, नाव राहू दे. पण आपण दोघं सध्या इतरांना भेटणार आहोत की नाही?” हा प्रश्न नावाचा नाही, वागण्याचा आहे. त्याचं उत्तर टाळणाऱ्याला बहुधा मोकळीक ठेवायची असते. तसं वाटण्यात पाप नाही, पण ते सांगण्याचा सरळपणा हवा.

आणि स्पष्ट ‘नाही’ आलं, तर? त्याला कारणं विचारत बसू नये, पटवायचा प्रयत्न तर मुळीच करू नये. “सांगितलंस ते बरं केलंस,” म्हणावं आणि आपल्या मर्यादेप्रमाणे वागावं. वाईट वाटेलच. पण सहाव्या आठवड्यातला नकार सहाव्या महिन्यातल्या नकारापेक्षा स्वस्त पडतो. तेव्हा विचारायचं असेल, तर आधी स्वतःला एक विचारा: नकार आला, तर मी तो ऐकून घेऊ शकेन का? याचं उत्तर ‘हो’ असेल, तर खुशाल विचारा. ‘नाही’ असेल, तर अजून थोडे दिवस थांबा, कारण तुमच्या तोंडून प्रश्नाऐवजी अटच बाहेर पडेल.