तिरक्या लादीचा हिशेब

तीन बाय ३.६ मीटरची एक खोली घेऊ, म्हणजे साधारण दहा बाय बारा फुटांची. तिच्यात ६० सेंटिमीटरच्या चौकोनी टाइल सरळ बसवल्या तर एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला सहा लागतात. ३० टाइलमध्ये काम संपते आणि कटर पिशवीतून काढावाही लागत नाही. (हिशेब सोपा राहावा म्हणून सांध्यांची जाडी सोडून दिली आहे.) त्याच टाइल तिरक्या, ‘डायमंड’ पद्धतीने बसवायच्या ठरल्या की दुकानदार ‘दहा-पंधरा टक्के जास्त घ्या’ असे सांगतो. हा आकडा कधी पुरतो, कधी नाही. का, ते पाहू.

तिरक्या टाइलचे माप बाजूने नव्हे, कर्णाने मोजायचे. ६० सेंटिमीटरच्या टाइलचा कर्ण सुमारे ८५ सेंटिमीटर. खोलीच्या दोन्ही बाजू या कर्णाच्या पूर्ण पटीत असल्या तर सगळेच जमते. २.५५ बाय ३.४० मीटरच्या खोलीत १८ अख्ख्या टाइल, भिंतींलगत १० अर्ध्या आणि चार कोपऱ्यांत चार पाव टाइल बसतात. एका टाइलच्या दोन अर्ध्या किंवा चार पाव होतात, म्हणून बरोबर २४ टाइल लागतात आणि वाया काहीच जात नाही.

आपल्या खोलीत मात्र ३०० सेंटिमीटरमध्ये तीन कर्ण बसून ४५ उरतात आणि ३६० मध्ये चार कर्ण बसून २०. नासाडी ठरते ती या उरलेल्या मापावर.

बहुतेक मिस्त्री खोलीच्या मध्यबिंदूवर एका टाइलचा मध्य ठेवून सुरुवात करतात. तसे केले तर १७ टाइल अख्ख्या बसतात आणि ३२ तुकडे कापावे लागतात. त्यांपैकी १४ तुकडे अर्ध्या टाइलहून मोठे, म्हणून प्रत्येकाला नवी टाइल हवी. इथवर ३१ टाइल झाल्या. राहिले १८ लहान तुकडे.

कापून उरलेला तुकडा वापरता येईल का, हे त्याच्या काटकोनावर ठरते. भिंतीलगतच्या त्रिकोणाच्या दोन बाजू शेजारच्या टाइलला भिडतात. तिथे कारखान्यातली सरळ कडच हवी, नाहीतर सांधा ओबडधोबड दिसतो. कापलेली कड भिंतीकडे जाते आणि स्कर्टिंगखाली झाकली जाते. म्हणजे एका टाइलचे उपयोगी कोपरे चारच. लांब भिंतींलगतच्या त्रिकोणांची खोली २३ सेंटिमीटर आणि टाइलच्या कडेवरची बाजू ३२ सेंटिमीटर आहे. टाइलची कड ६० ची, आणि शेजारशेजारचे दोन त्रिकोण काढायला ६४ हवेत! त्यामुळे समोरासमोरचे दोनच कोपरे कामाला येतात.

सुदैवाने या मांडणीत मोठ्या तुकड्यांतून सहा टोके ३२ सेंटिमीटर खोल निघतात. त्यांतून लांब भिंतींचे सहा त्रिकोण सुटतात. खोलीच्या चार कोपऱ्यांसाठी आणखी दोन टाइल लागतात. उरलेले आठ चिमुकले त्रिकोण इतर कातरणातून निघतात. एकूण ३३ टाइल, म्हणजे दहा टक्के जास्त.

पण हे आठ त्रिकोण जेमतेम १० सेंटिमीटर खोल असतात. ते आखूड भिंतींपाशी येतात, कापताना चटकन तुटतात आणि डोळ्यांना खुपतात. उपाय सोपा आहे. सगळी मांडणी लांबीच्या दिशेने पाव कर्ण, म्हणजे २१ सेंटिमीटर सरकवायची. आता आखूड भिंतींवरचे त्रिकोण १० ऐवजी ३१ सेंटिमीटर खोल होतात, दोन कोपऱ्यांतली एकेक चिप सोडली तर. तुकडेही कमी होतात, ३२ चे ३०.

तरीही टाइल जास्त लागतात. अख्ख्या बसतात १५, मोठे तुकडे १३. मात्र त्यांच्यातून निघणारी टोके आता २० सेंटिमीटर किंवा त्याहून कमी खोलीची, आणि आपल्याला हवेत २३ आणि ३१ चे त्रिकोण. असे १५ त्रिकोण एका टाइलमधून दोन या दराने नव्याने कापावे लागतात, म्हणजे आणखी आठ टाइल. एकूण ३६, म्हणजे वीस टक्के जास्त. खोली तीच, टाइल त्याच, फक्त सुरुवातीचा बिंदू २१ सेंटिमीटर सरकला.

यात फुटतूट धरलेली नाही. टाइलवर एका दिशेच्या रेघा असतील तर उरलेला कोपरा फिरवून बसवता येत नाही, आणि नासाडी वाढते. भिंती गुण्यात नसतील तर त्रिकोणांची रांग एका टोकाला निमुळती होते. त्यासाठी आधी खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. इथे प्रत्येक कर्ण सुमारे ४.६९ मीटर भरला पाहिजे.

म्हणून खरेदीआधी मिस्त्रीकडून जमिनीवर दोरी मारून मांडणी आखून घ्या, आणि टक्क्यांऐवजी तुकडे मोजा. या मापाच्या टाइल बहुधा चारच्या बॉक्समध्ये येतात. पहिल्या मांडणीला नऊ बॉक्स घेतले तर तीन टाइल फुटीसाठी शिल्लक राहतात. दुसरीला मात्र दहावा बॉक्स त्याच वेळी घ्या. नंतर आणलेल्या बॉक्सची छटा जुळेलच असे नाही.